लग्नाच्या पहाटे किती वाजता पोहोचायचे: नव्या ब्रायडल मेकअप आर्टिस्टसाठी वेळ आणि माणसे पक्की करण्याची पद्धत

कोल्हापूर भागातल्या लग्नपत्रिकेवर ठळक अक्षरांत छापलेली वेळ अक्षतांची असते, आणि आपल्या कामाला नेमकी तीच वेळ सर्वांत कमी उपयोगाची असते. दुपारी १२.३५ च्या अक्षता म्हटल्या की नवीन मेकअप आर्टिस्ट मनातल्या मनात तीन तास मागे मोजते आणि सकाळी साडेनऊला पोहोचायचे ठरवते. प्रत्यक्षात त्याच सकाळी साडेनऊला साखरपुडा ठेवलेला असतो, त्याआधी फोटोग्राफरला वधूचे एकटीचे फोटो हवे असतात आणि वधूच्या आईला त्याहूनही आधी देवकाला बसायचे असते. म्हणून पोहोचण्याची वेळ कोणी सांगितली म्हणून लिहून घ्यायची नसते. ती तीन गोष्टींवरून काढायची असते: वधू खोलीतून पहिल्यांदा तयार होऊन कधी बाहेर पडणार, एकूण किती जणींचे काय काय करायचे आहे, आणि प्रत्येकीला आपल्या हाताने किती मिनिटे लागतात. पहाटेच्या कामात या तिन्ही गोष्टी आधी लेखी कशा पक्क्या करायच्या, तेवढेच या लेखात सांगितले आहे.

पहिली वेळ अक्षतांची नव्हे, खोलीतून बाहेर पडण्याची

बुकिंगच्या फोनवर तारीख आणि कार्यालय विचारून झाल्यावर लगेच विचारावे की त्या दिवशी सकाळपासून कोणकोणते विधी आहेत आणि त्यांतला वधूला बसावे लागणारा पहिला विधी कोणता. आपल्याकडे हळद आदल्या दिवशी झाली असेल तर लग्नाच्या सकाळी बहुधा साखरपुडा असतो. काही घरांत साखरपुडा आधीच उरकलेला असतो आणि सकाळी हळद लागून मग लग्न असते. या दोन दिवसांचे वेळापत्रक पूर्णपणे वेगळे असते. हळद सकाळी असेल तर हळदीआधी पूर्ण मेकअप करण्यात अर्थ नसतो, कारण हळदीनंतर वधू अंघोळ करणार असते. अशा वेळी हळद संपण्याची आणि अंघोळ आटोपण्याची वेळ हीच आपली सुरुवात ठरते, आणि तिच्यापासून अक्षतांपर्यंत किमान अडीच तास राहत नसतील तर ते आपण त्याच फोनवर स्पष्टपणे सांगितले पाहिजे. हळद अर्धा तास आधी घेणे घरच्यांना शक्य असते, पण ते महिनाभर आधी सांगितले तरच.

पहिला विधी समजल्यावर दुसरा प्रश्न फोटोग्राफरबद्दल विचारावा. वधू तयार झाल्यावर विधीआधी फोटो काढायचे आहेत का, आणि त्यासाठी त्यांनी किती वेळ मागितला आहे? बहुतेक फोटोग्राफर अर्धा तास मागतात. शक्य असेल तर फोटोग्राफरचा नंबर घेऊन त्यांच्याशी स्वतः बोलावे, कारण घरच्यांनी दोघांना दोन वेगळ्या वेळा सांगितलेल्या असणे अगदी नेहमीचे आहे. साखरपुडा ९.३० ला असेल आणि अर्धा तास फोटोंचा असेल, तर वधूला आपल्या खुर्चीवरून ८.४५ ला उठवायचे आहे, असे समजावे. मधली पंधरा मिनिटे खोलीपासून स्टेजपर्यंत जाण्याची, आजीच्या पाया पडण्याची आणि वाटेत भेटणाऱ्या पाहुण्यांची असतात. ही ८.४५ ची वेळ वहीत सर्वांत वर लिहावी. पुढची सगळी गणिते तिच्यापासून मागे जातात.

किती जणी, हे पुरेसे नाही

माणसांची संख्या विचारली की उत्तर येते, "चार-पाच जणी असतील." या उत्तरावर वेळ काढता येत नाही, कारण त्यात कोण आहे आणि तिचे काय करायचे आहे, हे काहीच कळत नाही. एखाद्या आत्याला फक्त साडी नेसवून हवी असते आणि तिचे काम दहा मिनिटांत होते; करवलीला पूर्ण मेकअप, मोकळ्या केसांना कुरळे वळण आणि लेहेंगा असे सगळे हवे असते आणि तिला एक तासाहून अधिक लागतो. यादीत दोघींचीही एकेकच मोजणी होते.

म्हणून यादी नावानिशी मागावी आणि प्रत्येक नावापुढे तीन गोष्टींपैकी काय हवे ते लिहून घ्यावे: मेकअप, केस, साडी. नावाबरोबर नातेही विचारावे, कारण कोणाला आधी बसवायचे हे नात्यावरून ठरते. वधूच्या आईला पाहुणे येण्याच्या आधी तयार व्हावे लागते, देवकाची आणि ओवाळणीची तयारी तिच्याकडे असते. तिला शेवटी ठेवले तर ती खुर्चीवर शांत बसूच शकत नाही. करवली मात्र वधूच्या बरोबरीने बाहेर पडते, तिला थोडी मागे ठेवता येते.

ही यादी कोणाकडून घ्यायची, याचाही विचार करावा. वधू स्वतः यादी देते तेव्हा त्यात बहुधा मैत्रिणी आणि बहिणी असतात; काकू, मावशी, वहिनी यांची नावे आई देते. दोघींशी बोलावे आणि शेवटचा शब्द कोणाचा, हे त्यांनाच ठरवू द्यावे. घरातली एखादी वहिनी किंवा भाऊ या कामासाठी नेमून घेतला तर फार सोपे जाते. त्या दिवशी वधूचा फोन कोणाच्या तरी पर्समध्ये असतो आणि आईला फोन उचलायला वेळ नसतो.

वधूच्या आईशी मी असा संवाद साधारण पुढीलप्रमाणे ठेवते:

"काकू, साडेनऊला साखरपुडा म्हणजे वधूताईंना पावणेनऊला तयार ठेवायचं आहे. तुमच्याकडच्या अजून कोणाकोणाचा मेकअप करायचा आहे?"

"माझा, धाकटीचा आणि आमच्या जाऊबाईंचा. बाकी बघू त्या दिवशी."

"त्या दिवशी नको काकू, आत्ताच विचारून ठेवू. नणंदबाई येणार आहेत ना? त्यांना साडी नेसवायची आहे का?"

"हो, त्यांना नेसवावी लागेल. मेकअप नको म्हणतात."

"मग लिहून घेते. तुमचा हलका मेकअप, केस आणि साडी, ताईंच्या बहिणीचं सगळं, काकींचं तुमच्यासारखंच, आणि आत्यांची फक्त साडी. बरोबर?"

"बाकी बघू त्या दिवशी" हे वाक्य ऐकले की थांबावे आणि पुन्हा विचारावे. यादी नंतर वाढते ती याच वाक्यातून.

प्रत्येकीची मिनिटे स्वतःच्या हाताने मोजावीत

दुसऱ्या कोणाची मिनिटे आपल्याला लागू होत नाहीत. लग्नाच्या हंगामाआधी घरातल्या किंवा ओळखीच्या तीन-चार जणींवर पूर्ण काम करून मोबाइलच्या घड्याळावर वेळ मोजावा, आणि तो बाई खुर्चीवर बसल्यापासून उठेपर्यंत मोजावा. ब्रश हातात घेतल्यापासून मोजले तर चेहरा पुसणे, टॉवेल लावणे, केस बाजूला घेणे आणि मध्येच आलेला फोन यांचा वेळ गणितात येत नाही, आणि तो प्रत्येकीमागे पाच ते दहा मिनिटे असतो.

मोजून पाहिल्यावर अनेकींचे आकडे साधारण पुढीलप्रमाणे येतात. वधूच्या मेकअपला सव्वा तास लागतो: चेहऱ्याची तयारी आणि मॉइश्चरायझर मुरण्यासाठी दहा मिनिटे, बेससाठी पंचवीस, डोळे आणि पापण्यांसाठी पंचवीस, आणि गाल, ओठ, सेटिंग यांसाठी पंधरा. केसांना ३५ मिनिटे, साडीला १५ आणि दागिन्यांना १५ मिनिटे धरावीत. दागिन्यांचा वेळ नवीन मुली विसरतात. ठुशी, कोल्हापुरी साज, बाजूबंद, नथ, कानातले वेल आणि कंबरपट्टा हे सगळे घालायला आणि साडीवर नीट बसवायला वेळ लागतोच. शिवाय दागिने बहुतेकदा आईच्या किंवा मामींच्या ताब्यातल्या पिशवीत असतात आणि ती पिशवी शोधावी लागते. नातेवाईकांच्या हलक्या मेकअपला ३० मिनिटे, साध्या अंबाड्याला १५ आणि साडीला १० मिनिटे पुरतात.

ट्रायल झाली असेल तर वधूचे आकडे तिच्यावरूनच घ्यावेत. ट्रायलच्या वेळी त्वचा फार कोरडी किंवा तेलकट आढळली, केस दाट आणि लांब निघाले किंवा वधूला मध्येच डोळे मिटून बसायला त्रास होतो असे दिसले, तर त्या घरासाठी पंधरा मिनिटे वाढवावीत. एप्रिल-मेमध्ये ज्या खोलीत फक्त पंखा आहे तिथेही थोडी भर धरावी लागते, कारण घाम टिपत टिपत बेस बसवावा लागतो.

एक सकाळ मांडून पाहू

वरच्या संवादातले घर घेऊ. कार्यालय हातकणंगल्याजवळ आहे, आपण राजारामपुरीत राहतो. साखरपुडा ९.३०, अक्षता १२.३५. हळद आदल्या संध्याकाळी झालेली आहे. आपण मेकअप करणार आणि बरोबरची मदतनीस केस आणि साड्या बघणार.

आधी सगळ्या मिनिटांची बेरीज करावी. मेकअप: वधू ७५, आई ३०, बहीण ३५, काकू ३०, म्हणजे आपल्या हाताला १७० मिनिटे. केस, साडी आणि दागिने: वधू ६५, आई २५, बहीण ३०, काकू २५, आत्या १०, म्हणजे मदतनिसाच्या हाताला १५५ मिनिटे. एकूण ३२५ मिनिटे, म्हणजे जवळजवळ साडेपाच तास. एकटीने हे काम घेतले तर पहाटे पावणेचारच्या आधी पहिली खुर्ची मांडावी लागेल. यावरूनच कळते की चार मेकअप आणि पाच साड्या असलेल्या सकाळी मदतनीस लागणारच, आणि ते मानधन ठरवण्याआधी कळायला हवे.

दोघींचे काम जवळजवळ सारखे आले, तरी १७० मिनिटांत सगळे संपेल असे समजू नये. एका बाईच्या चेहऱ्यावर आणि केसांवर दोघींनी एकाच वेळी काम केले की डोके हलते आणि आयलायनर बिघडते. म्हणून एक जण एकीजवळ, दुसरी दुसरीजवळ, अशी साखळी लावावी लागते, आणि ती वधूपासून मागे लावावी.

वधू ८.४५ ला तयार हवी. दागिने ८.३० ला सुरू, साडी ८.१५ ला, केस ७.४० ला, आणि मेकअप ६.२५ ला. म्हणजे वधू खुर्चीवर ६.२५ ला बसली पाहिजे. तिच्याआधी आईला बसवू: ५.५० ते ६.२०. आई उठली की मदतनीस ६.४५ पर्यंत तिचे केस आणि साडी करते, आणि पहिले पाहुणे येण्याच्या आत ती बाहेर पडू शकते.

आपण वधूच्या चेहऱ्यावर असताना मदतनीस रिकामी बसत नाही. ६.४५ ते ७.०५ बहिणीचे केस, ७.०५ ते ७.२० काकूंचे केस, ७.२० ते ७.३० आत्यांची साडी. तिच्याकडे दहा मिनिटे उरतात, त्यांत ती वधूच्या केसांच्या पिना, गजरे आणि साडीच्या निऱ्यांच्या पिना मांडून ठेवते. ७.४० ला वधू तिच्याकडे जाते आणि आपल्याकडे काकू येतात, ८.१० पर्यंत. मग बहीण, ८.१५ ते ८.५०. वधू ८.४५ ला दागिन्यांसह उभी असते. मदतनीस ८.४५ ते ८.५५ काकूंची साडी आणि ९.०५ पर्यंत बहिणीची साडी नेसवते. सगळ्या जणी ९.०५ ला तयार.

या मांडणीत केस आधी आणि मेकअप नंतर, असा क्रम काकू आणि बहिणीसाठी घेतला आहे. त्यांचा अंबाडा आधी झाला तरी मेकअपच्या वेळी विस्कटत नाही. वधूचा क्रम मात्र उलट आहे, कारण तिच्या केसांत गजरे असतात आणि ते जितके उशिरा माळले जातील तितके ताजे दिसतात.

आता पोहोचण्याची वेळ. पहिली खुर्ची ५.५० ला. त्याआधी सामान मांडणे, बल्ब लावणे, ब्रश काढणे याला १५ मिनिटे: ५.३५. त्यावर १५ मिनिटे राखीव: ५.२०. हातकणंगल्यापर्यंत पहाटे मोकळा रस्ता मिळाला तर पाऊण तासाच्या आत पोहोचता येते, तरी ५५ मिनिटे धरावीत. घरातून निघायची वेळ ४.२५. ज्या घराने आपल्याला "सकाळी सातला या" असे सांगितले होते त्यांना ५.२० का, हे आता एका कागदावर दाखवता येते, आणि तसे दाखवल्यावर सहसा कोणी वाद घालत नाही.

साखरपुड्यानंतरचा भागही आताच मांडून ठेवावा. साखरपुडा साडेदहाच्या सुमारास संपतो, पण फोटोंमुळे वधू ११ च्या आधी येतेच असे नाही, म्हणून घरच्यांना १०.४५ ही वेळ स्पष्ट सांगावी. तिथून नऊवारी नेसवायला २० मिनिटे, केस मोकळे करून खोपा घालायला २५, चेहरा टिपून पुन्हा ताजा करायला १५ आणि दागिने व मुंडावळ्या बांधायला १०, म्हणजे ११.५५. बारा वाजता गौरीहारपूजेला बसायचे असेल तर हे अगदी जेमतेम बसते. गौरीहाराची वेळ गुरुजींकडून आधी विचारून घ्यावी, आणि १०.४५ ला वधूला खोलीत आणण्याची जबाबदारी यादी सांभाळणाऱ्या वहिनीवर किंवा भावावर सोपवावी. फोटोग्राफरला आपण थांबवणे अवघड असते. घरच्या माणसाने सांगितले की ते ऐकतात.

कार्यालय, खोली आणि रस्ता

५.२० ला आपण दारात पोहोचलो आणि दार बंद असेल तर सगळी मांडणी वाया जाते. म्हणून घरच्यांना विचारावे की कार्यालयाचा ताबा आदल्या दिवशी मिळणार आहे की लग्नाच्या सकाळी, आणि सकाळी असेल तर किती वाजता. काही कार्यालये सकाळी सहाच्या आधी उघडत नाहीत. तसे असेल तर दोनच मार्ग उरतात: आईचा आणि काकूंचा मेकअप त्यांच्या घरी करून मग कार्यालयात जायचे, किंवा घरच्यांनी व्यवस्थापकांना आधी सांगून वधूपक्षाची खोली उघडून घ्यायची. दुसरा मार्ग ठरला तर कार्यालयाच्या राखणदाराचा नंबर आपल्याकडे असावा.

खोलीबद्दल मी तीनच गोष्टी विचारते. आरशाजवळ चालू असलेला प्लग आहे का, कारण केसांची टाँग आणि दिवा एकाच वेळी लावावे लागतात. खोलीचे दार आतून बंद होते का. आणि खोलीत पाणी आहे का. दिवा आणि लांब वायरचा बोर्ड आपला स्वतःचाच न्यावा. लग्नघरातली खोली पहाटे सामानाने भरलेली असते, त्यामुळे खिडकीजवळची एक खुर्ची आणि एक टेबल आदल्या रात्री मोकळे करून ठेवायला सांगितले तर सुरुवातीची दहा मिनिटे वाचतात.

रस्त्याचा वेळ कोल्हापुरात ऋतूप्रमाणे बदलतो, हे बाहेरून आलेल्यांना लवकर लक्षात येत नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि त्याच सुमारास उसाचा गळीत हंगामही सुरू असतो. इचलकरंजी, शिरोळ, कागल, हातकणंगले या बाजूंच्या रस्त्यांवर दोन ट्रॉल्या जोडलेले ऊसाचे ट्रॅक्टर पहाटेही चालू असतात आणि अरुंद रस्त्यावर त्यांना ओलांडणे धोक्याचे असते. या काळात गावाबाहेरच्या प्रत्येक कार्यालयासाठी १५ मिनिटे वाढवावीत. चैत्र पौर्णिमेच्या जोतिबा यात्रेच्या सुमारास वाडी रत्नागिरीकडे आणि पन्हाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर काम असेल तर किती वाढवायचे हे नक्की सांगता येत नाही. अशा वेळी आदल्या रात्री तिकडेच राहणे चांगले, आणि राहण्याची सोय घरच्यांनी करायची हे आधी ठरवावे.

दोनदा खात्री, आणि ती लेखी

बोलणे झाले म्हणून काम पक्के झाले असे समजू नये. मी लग्नाच्या आठ दिवस आधी नावांची यादी आणि वेळांची साखळी पाठवते आणि दोन दिवस आधी शेवटची खात्री मागते. आठ दिवसांपूर्वी पाठवलेल्या यादीत बदल करता येतो. दोन दिवस आधीच्या यादीनंतर नवीन नाव घ्यायचे की नाही, हे आपण ठरवायचे. संदेश साधारण असा असावा:

"नमस्कार वहिनी. रविवारी मी आणि माझी मदतनीस पहाटे ५.२० ला कार्यालयात पोहोचू. आईंना ५.५० ला आणि वधूताईंना ६.२५ ला खुर्चीवर बसायचे आहे. मेकअप, केस आणि साडी: वधूताई, आई, धाकट्या ताई, काकू. फक्त साडी: आत्या. वधूताई ८.४५ ला आणि बाकी सर्व ९.०५ ला तयार होतील. साखरपुड्यानंतर वधूताईंना १०.४५ ला खोलीत आणावे, म्हणजे ११.५५ पर्यंत नऊवारी आणि खोपा होईल. वधूताईंनी केस शनिवारी दुपारीच धुवावेत. सकाळी अंघोळ करून, ब्लाउज घालून आणि नाश्ता करून बसावे. यादीत नाव वाढवायचे असेल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवावे. वाचून 'ठीक आहे' असे लिहावे."

या संदेशातली प्रत्येक सूचना वेळेशी जोडलेली आहे. केस सकाळी धुतले तर ते वाळायला अर्धा तास जातो आणि ओल्या केसांत खोपा बसत नाही. ब्लाउज आधी घातलेला नसेल तर मेकअप झाल्यावर डोक्यावरून कपडा काढताना बेस पुसला जातो. म्हणून समोरून बटणे असलेला कपडा वर घालून बसायला सांगावे. नाश्ता आधी झालेला नसेल तर लिपस्टिक लावल्यावर कोणीतरी पोहे घेऊन येतेच.

उत्तरात नुसता अंगठ्याचा इमोजी आला तर मी पुन्हा एकदा फोन करते. अंगठा म्हणजे संदेश दिसला एवढेच, आईंना ५.५० ला उठून तयार बसायचे आहे, हे त्यांच्यापर्यंत पोहोचले की नाही, ते फोनवरच कळते. आणि हे विचारताना थेट आईंशी बोलावे, कारण पहिली खुर्ची त्यांची आहे. पहिल्या खुर्चीला वीस मिनिटे उशीर झाला तर तो उशीर शेवटपर्यंत प्रत्येकीच्या वाट्याला येतो.

यादी वाढली तर

आदल्या रात्री फोन येतो: "अजून दोघी आहेत, करशील ना?" हो किंवा नाही म्हणण्याआधी कागद पुढे घ्यावा. या उदाहरणात आपला हात ८.५० ला मोकळा होतो. दोघींचा प्रत्येकी अर्धा तास धरला तर दुसरीचा मेकअप ९.५० ला संपतो, म्हणजे साखरपुडा सुरू झालेला असतो. साखरपुड्याआधीच त्या हव्या असतील तर आपल्याला एक तास आधी, पहाटे ४.२० ला पोहोचावे लागेल, आणि तितक्या पहाटे त्या दोघी उठून बसणार आहेत का, हे विचारावे. बहुतेक वेळा उत्तर नाही असते.

तेव्हा साखरपुडा चालू असतानाचा वेळ द्यावा. ९.१० ते १०.१० या तासात दोन मेकअप होतात आणि मदतनीस त्यांचे केस आणि साड्या साडेदहाच्या थोडे पुढेपर्यंत उरकते. अक्षतांना त्या तयार असतात, वधूची १०.४५ ची वेळही हलत नाही. हे सांगताना वाढीव मानधनही त्याच वाक्यात सांगावे: "काकू, दोघींचं साखरपुड्याच्या वेळेत करते, पावणेअकराच्या आत होतील, दोघींचे वेगळे पैसे होतील, आईंच्या दरानेच." लग्नाच्या दिवशी पैशांचा विषय काढणे कोणालाच बरे वाटत नाही, म्हणून आदल्या रात्री तो संदेशातही लिहून पाठवावा.

वधूचा वेळ कापून नवीन नाव घेऊ नये. ७५ मिनिटांच्या मेकअपमधून दहा मिनिटे काढली तर ती बेसमधून निघतात, आणि अक्षतांच्या गर्दीत, मांडवाच्या उकाड्यात तो बेस सर्वांत आधी गळ्याजवळ आणि नाकाशेजारी फुटतो. ऐनवेळी कोणी "पाच मिनिटांत माझंही कर ना" म्हणाले तर त्यांना मदतनिसाकडे केस आणि साडीपुरते पाठवता येते, तेही तिची रिकामी दहा मिनिटे शिल्लक असतील तर.

पहाटे पोहोचल्यावर आधी वहिनींना "पोहोचलो" असा संदेश पाठवावा, म्हणजे पोहोचल्याची वेळ नोंदली जाते. मग नावांची आणि वेळांची साखळी मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद आरशाच्या कडेला चिकटवावा. पुढची कोण, हे खोलीत येणारी प्रत्येक बाई त्यावरून वाचते, आणि मुलीची आत्या आपणहून काकूंना हाक मारून खुर्चीवर आणून बसवते.